सदुसष्टच्या आत काय आहे?

सहावीच्या एकाच वर्गातली दोन प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. प्रथम सत्र, विषय गणित. एका मुलीला आकारिक मूल्यमापनात ५० पैकी ४४ आणि संकलित मूल्यमापनात ५० पैकी २३. तिच्याच वर्गातल्या एका मुलाला आकारिकमध्ये २४ आणि संकलितमध्ये ४३. दोघांची बेरीज ६७, दोघांचीही श्रेणी ब-२. प्रगतिपुस्तक हातात आलं की आपली नजर आधी शेवटच्या रकान्यावर जाते. तिथे ही दोन्ही मुलं एकसारखी दिसतात. त्याआधीचे दोन रकाने वाचले, तर मात्र ही दोन अगदी वेगळी मुलं आहेत आणि दोघांना लागणारी मदतही वेगळी आहे, हे लक्षात येतं.

महाराष्ट्रातल्या शाळांत पहिली ते आठवीसाठी ही रचना २०१० साली आली. त्याआधीच्या वर्षी संसदेने शिक्षण हक्क कायदा मंजूर केला होता आणि मुलाचं मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी व्हावं, असं त्याच्या २९व्या कलमात म्हटलं होतं. राज्याने २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केलं आणि प्रत्येक सत्राचे १०० गुण दोन भागांत वाटले. पहिली-दुसरीत आकारिकला ७० आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीत ६० आणि ४०, पाचवी-सहावीत निम्मे निम्मे, सातवी-आठवीत ४० आणि ६०. मूल लहान असताना रोजच्या कामाला वजन जास्त आणि ते मोठं होत जाईल तसा परीक्षेचा वाटा वाढता, असा हा उतार आहे. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित परीक्षाच नाही, तिथे सगळं मूल्यमापन आकारिक.

ही विभागणी मात्र आपल्याकडे जन्मलेली नाही. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली अभ्यासक्रमांचं मूल्यमापन कसं करावं याबद्दल लिहिताना हा भेद पहिल्यांदा मांडला. एखादा अभ्यासक्रम तयार होत असताना त्यातल्या उणिवा शोधून तो सुधारणं हे एक काम आणि तयार झाल्यावर तो कितपत चांगला आहे हे ठरवणं हे दुसरं काम, असं त्यांचं म्हणणं होतं. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत हाच विचार मुलांच्या शिकण्याला लावला. म्हणजे हा भेद मुळात हेतूचा आहे. तोंडी प्रश्न, वहीतलं गणित, छोटी चाचणी किंवा मोठा पेपर यांपैकी काहीही दोन्ही कामांसाठी वापरता येतं. त्यातून जे कळलं त्याचं शिक्षक पुढे काय करतात, यावर ते आकारिक की संकलित हे ठरतं. सबंध विषयाची किल्ली इथे आहे आणि प्रगतिपुस्तकातला सगळा गोंधळही इथूनच सुरू होतो.

संकलितचं काम तुलनेने सोपं आहे. सत्र संपलं, आता या मुलाला किती येतं, एवढंच त्यातून सांगायचं असतं. सहावीत त्याचे ५० गुण, त्यांतले १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखी पेपरचे. चार-पाच महिन्यांत शिकवलेलं सगळं ४० गुणांत विचारता येत नाही, म्हणून पेपर काढणारे शिक्षक प्रत्येक प्रकरणातून एखाददुसरा प्रश्न घेतात आणि त्या मोजक्या प्रश्नांवरून सगळ्या अभ्यासाचा अंदाज बांधतात. अंदाज म्हणून तो उपयोगी असतो. कुणाची मदत न घेता, ठरलेल्या वेळात, दोन-तीन महिन्यांपूर्वी शिकलेलं किती टिकलं हे त्यातून दिसतं आणि हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने सहज कळत नाही. पण २३ आणि २६ यांतला फरक हा खराच दोन मुलांमधला फरक आहे, असं कुणीही छातीठोकपणे सांगू नये. एखादं प्रकरण प्रश्नपत्रिकेत जरा जास्त आलं, एखादं गणित घाईत चुकलं, तरी तीन गुण इकडचे तिकडे होतात. शिवाय चूक कुठे झाली हे पेपर दाखवतो, पण ती का झाली हे सांगणं त्याला फारसं जमत नाही.

का चुकलं, हे शोधणं आकारिकचं काम. ते कसं चालतं हे पाहायला सहावीच्या गणितातलं एकच ठिकाण पुरेसं आहे. दशांश अपूर्णांकांतला लहान-मोठेपणा घेऊ.

लेखी परीक्षेत एक नेहमीचा प्रश्न असतो. ०.४ आणि ०.७५ यांत मोठी संख्या कोणती? एक मुलगा ०.७५ लिहितो. उत्तर बरोबर, गुण मिळाला. आता वर्गात बाई त्याला वेगळी जोडी देतात, ०.६ आणि ०.३५.

"यांतली मोठी कुठली रे?"

"शून्य पूर्णांक पस्तीस, बाई."

"का बरं?"

"पस्तीस सहापेक्षा मोठे असतात ना!"

हा मुलगा दशांश चिन्हाच्या उजवीकडचे अंक साध्या पूर्ण संख्येसारखे वाचतो. त्याच्या लेखी जिथे अंक जास्त ती संख्या मोठी. पहिल्या प्रश्नात त्याचं उत्तर बरोबर आलं ते याच चुकीच्या नियमाने, कारण ७५ चारापेक्षा मोठे आहेत. परीक्षेने त्याला गुण दिला आणि चूक झाकली गेली.

शेजारच्या बाकावरची मुलगी नेमकी उलटी चुकते. तिला ०.६ आणि ०.३५ दिले तर ती ०.६ मोठी म्हणते आणि ते बरोबर असतं. पण ०.४ आणि ०.७५ यांतही ती ०.४ मोठी म्हणते. तिला विचारलं तर ती सांगते, "दशांश मोठा असतो, शतांश लहान असतो, म्हणून शतांशवाली संख्या लहान." यातला पहिला भाग खरा आहे. एक दशांश हा एक शतांशापेक्षा मोठाच असतो. पण ते दशांश किती आहेत आणि शतांश किती आहेत, हे ती विचारातच घेत नाही. हे दोन्ही गैरसमज जगभरच्या गणित शिक्षकांच्या ओळखीचे आहेत आणि त्यांवर पुष्कळ संशोधन झालं आहे. कुठल्याही एका जोडीवरून दोघांपैकी एकाची चूक लपते. म्हणून जाणकार शिक्षक दोन्ही प्रकारच्या जोड्या मुद्दाम एकत्र देतात, शिवाय ०.५ आणि ०.५० अशी तिसरी जोडीही घालतात आणि मग 'का?' विचारतात. तीन छोटे प्रश्न, पाच मिनिटांचं काम. त्यातून दहापैकी किती गुण पडले हे गौण आहे. कोणतं मूल कोणत्या नियमाने चाललं आहे, हे बाईंना कळलेलं असतं.

कळल्यावर उपायही वेगळे करावे लागतात. पहिल्या मुलाला 'शेवटी शून्य लावून दोन्हींचे अंक सारखे कर' ही युक्ती शिकवली, तर तो ०.६० आणि ०.३५ बरोबर सोडवेल. पण साठ पस्तिसापेक्षा मोठे म्हणून सोडवेल, म्हणजे मूळ समज होती तिथेच राहील. त्याला शंभर चौकटींची जाळी हवी. एका जाळीत सहा उभ्या पट्ट्या रंगवायच्या, दुसरीत पस्तीस चौकटी, आणि रंग कुठे जास्त भरला हे डोळ्यांनी बघायचं. मग त्या सहा पट्ट्यांतल्या चौकटी मोजल्या की सहा दशांश म्हणजेच साठ शतांश, हे त्याचं त्याला सापडतं. मुलीला शतांश लहान असतो हे माहीत आहेच, तेव्हा तिच्याशी तेच पुन्हा घोकत बसण्यात अर्थ नाही. तिला संख्यारेषेवर ०.४ आणि ०.७५ या जागा दाखवायला सांगायच्या. दशांशांच्या खुणांपासून सुरुवात करून सातव्या आणि आठव्या खुणेच्या मध्ये ०.७५ बसवताना तिचा नियम तिच्याच हातून मोडतो. एक-दोन दिवसांनी जोड्या बदलून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि फरक पडला का ते बघायचं. विचारणं, कारण शोधणं, शिकवण्यात बदल करणं आणि परत विचारणं, हे चारही टप्पे झाले तरच त्याला आकारिक मूल्यमापन म्हणावं. नुसती चाचणी घेऊन वहीत आकडा लिहिला, तर ती फक्त छोटी परीक्षा झाली.

शासन निर्णयाने आकारिकसाठी आठ साधनं दिली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर, ज्यात मुलांनी स्वतःचं किंवा एकमेकांचं काम तपासणंही येतं. त्यांतली निवड विषय आणि इयत्ता पाहून शिक्षकांनी करायची. चाचणीबद्दलची अपेक्षा फार मोलाची आहे. ती वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिकपणे घ्यायची. मुलांनी तयारी करून यावं हा तिचा उद्देशच नाही, आज मुलं कुठे आहेत हे बघायचं असतं. म्हणूनच ज्या शाळांत 'घटक चाचणी सोमवारपासून' अशी सूचना घरी येते आणि मुलं रविवारभर पाठांतर करतात, तिथे नाव आकारिकचं असलं तरी प्रत्यक्षात संकलितच चाललेलं असतं.

आता त्या दोन प्रगतिपुस्तकांकडे परत जाऊ. आकारिकच्या ५० गुणांची फोड प्रगतिपुस्तकात सहसा नसते, ती शिक्षकांच्या नोंदवहीत असते. समजा, बाईंनी पाच साधनं प्रत्येकी १० गुणांची घेतली. मुलीचे गुण असे आहेत: तोंडी काम ९, उपक्रम १०, प्रकल्प १०, स्वाध्याय १०, चाचणी ५. बेरीज ४४. मुलाचे: तोंडी ४, उपक्रम ५, प्रकल्प ४, स्वाध्याय ३, चाचणी ८. बेरीज २४.

मुलीच्या ४४ मध्ये एक आकडा बाकीच्यांशी जुळत नाही. वर्गात, एकटीने, कुणाला न विचारता केलेलं लेखी काम एकच होतं, ती चाचणी, आणि तिथे तिला ५ मिळाले. संकलितमधले २३ त्याच्याशी अगदी मिळतेजुळते आहेत. म्हणजे परीक्षेच्या दिवशी काही विपरीत घडलं नाही, गोष्ट आधीपासून दिसतच होती. ती बोलते छान, वही नेटकी ठेवते, प्रकल्प वेळेवर देते. पण प्रकल्प कुणी केला? घरच्या मोठ्यांनी पुठ्ठे कापून आणि चित्रं चिकटवून पूर्ण केलेल्या प्रकल्पाचे १० गुण मुलीच्या गणिताबद्दल काहीच सांगत नाहीत. स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवलेली असतील, तर त्या दहाचंही तेच. तिच्या पालकांनी विचारायला हवं ते एवढंच, की ती एकटी बसून गणित सोडवते तेव्हा नेमकी कुठे अडते. वेग कमी पडतो, की प्रकरण शिकवलं त्या आठवड्यात येतं आणि महिन्याने विसरतं? वेग कमी पडत असेल तर वेळ लावून थोडी थोडी गणितं सोडवणं हा उपाय, विसरत असेल तर जुन्या प्रकरणातली दोन-तीन गणितं दर आठवड्याला मध्येच घालणं हा.

मुलाचं वेगळं आहे. त्याला गणित येतं, चाचणी आणि परीक्षा दोन्ही तेच सांगतात. तो बोलत नाही आणि दिलेलं काम पूर्ण करत नाही. बोलत नाही याची कारणं लाजेपासून घरची भाषा वेगळी असण्यापर्यंत कितीही असू शकतात आणि स्वाध्याय अपुरे राहण्यामागे शाळेनंतर धाकट्या भावंडाला सांभाळायची जबाबदारीही असू शकते. त्याला 'अभ्यास वाढव' म्हणणं चुकीच्या जागी औषध लावण्यासारखं आहे. त्याच्या बाबतीत शिक्षकांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. गणित येणाऱ्या मुलाला आपण गणितातच ब-२ दिला, तर त्या श्रेणीत गणित किती आणि शिस्त किती?

बेरजेची अडचण इथेच संपत नाही. जुलैमध्ये दशांश अपूर्णांकांवर चाचणी झाली, एका मुलाला १० पैकी ३ पडले. बाईंनी चूक हेरली, जाळ्या रंगवून घेतल्या आणि सप्टेंबरात त्याच भागावर त्याला ९ पडले. आकारिक मूल्यमापन याहून चांगलं कसं होणार? पण नोंदवहीत दोन्हींची सरासरी काढली, तर त्याच्या नावावर ६ लागतात. सुरुवातीपासून ६ वरच असलेल्या आणि काहीच न सुधारलेल्या मुलाइतकेच. शिकण्याआधीच्या चुकीचा दंड त्याला शिकल्यानंतरही भरावा लागतो. काही शिक्षक म्हणूनच सरासरी न काढता शेवटची नोंद धरतात आणि माझ्या मते तेच योग्य आहे. अंतिम श्रेणीत जाणारा आकडा आज मुलाला काय येतं तेच सांगणारा असावा. जुलैतली चूक शिक्षकांच्या उपयोगाची होती, तो उपयोग झाला.

गुणांचा आणखी एक परिणाम रुथ बटलर यांनी १९८८ साली इस्राएलमधल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात मांडला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त लेखी शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांना त्या शेऱ्याचा फायदा झाला नाही. वही परत मिळाली की मुलं आधी लाल शाईतला आकडा बघतात, मग शेजाऱ्याचा, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे. सगळ्या आकारिक कामाला गुण लावावे लागणं ही आपल्या रचनेतली मोठी कमजोरी आहे, असं मला वाटतं. गुण लिहावे लागतीलच, पण ते नोंदवहीत लिहावेत आणि मुलाच्या वहीत आधी शेरा जावा, इतकं तर कुठल्याही शाळेला करता येतं.

आकारिकचे गुण खरोखर रोजच्या निरीक्षणातून आले की सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरले, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलांचे आकारिक गुण ४२ ते ४८ च्या पट्ट्यात बसतात आणि संकलितचे मात्र १५ ते ४८ असे पसरलेले असतात. रोज मुलांकडे बघणाऱ्या शिक्षकाला इतकी सारखी मुलं दिसत नाहीत. दुसरी खूण वर्णनात्मक नोंदींत सापडते. प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड किंवा छंद आणि आवश्यक सुधारणा यांसाठी जागा असते. तिथे लिहायच्या वाक्यांच्या तयार याद्या शिक्षकांमध्ये फिरतात आणि त्यातून 'वर्गात लक्ष देतो', 'अक्षर सुधारावे', 'सराव आवश्यक' अशी वाक्यं मुलामागून मुलाच्या नावापुढे उतरतात. यात एकट्या शिक्षकाला दोष देणं बरोबर नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येक विषयाची, प्रत्येक साधनाची नोंद ठेवायची, शिवाय इतर सरकारी कामं करायची, यात पाच मिनिटांचा तो 'का?' विचारायलाच वेळ उरत नाही. दर आठवड्याला चार-पाच मुलांकडे बारकाईने बघून त्यांच्याबद्दल एकेक खरी ओळ लिहिली, तर सत्रभरात सगळा वर्ग एकदा तरी पूर्ण होतो. सगळ्यांच्या सगळ्या नोंदी एकदम भरण्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आठवीपर्यंत नापास न करण्याची जुनी तरतूद राज्याने बदलली आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा, त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तिथेही न जमल्यास त्याच वर्गात राहणं, अशी व्यवस्था आणली. त्यामुळे या वर्गांत संकलितचा आकडा वर्णन करून थांबत नाही, निर्णयही करतो. आकारिकच्या ४४ गुणांवर विसंबून राहिलेल्या त्या मुलीसारख्या मुलांना याचा धक्का सगळ्यात जास्त बसू शकतो. मूळ रचनेत ड श्रेणीच्या खाली, म्हणजे ३३ पेक्षा कमी गुणांवर राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणणं अपेक्षितच आहे. ते मार्गदर्शन कशाचं द्यायचं हे आकारिकच्या नोंदींतूनच कळतं, परीक्षेच्या टक्क्यांतून नाही.

पालकसभेत 'आमच्या मुलाचं कसं चाललंय?' असं विचारलं की 'चांगलं चाललंय, थोडा सराव हवा' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी चाचणीचा कागद मागून एक चुकलेलं गणित दाखवावं आणि विचारावं, "सर, इथे तो नक्की काय समजून चुकला?" शिक्षकांनी मुलाशी ते बोलून घेतलं असेल, तर उत्तर लगेच येतं आणि तसं वाक्य प्रगतिपुस्तकातल्या आवश्यक सुधारणेच्या रकान्यात उतरवायलाही जड जात नाही: 'दशांश अपूर्णांकांची तुलना करताना अंक जास्त ती संख्या मोठी धरतो. जाळीवर रंगवून तुलना जमते, लेखी जोड्यांत अजून चुकतो. घरी ०.७ आणि ०.२९, ०.३ आणि ०.३० अशा जोड्या द्याव्यात आणि उत्तराचं कारण तोंडी विचारावं.'